डब्यावर ‘सान्सा’, लिस्टिंगवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’: विक्रेत्याला पत्र कसं लिहावं

प्रश्न: सर, मी कोल्हापूरची. ऑनलाइन ५ लिटर ऑलिव्ह तेलाचा डबा ३,२९९ रुपयांना घेतला. लिस्टिंगवर ‘एक्स्ट्रा व्हर्जिन, कोल्ड प्रेस्ड’ असं होतं. डब्यावर सगळं इटालियनमध्ये. पंधरा दिवस वापरल्यावर भाच्यानं फोनचा कॅमेरा धरून भाषांतर केलं, तर ‘ऑलिव्ह पोमेस तेल’ निघालं. रिटर्नची मुदत दहा दिवसांची होती, ती संपली. चॅटवर ‘लेबल उत्पादकाचं असतं, आमचा संबंध नाही’ एवढंच उत्तर मिळालं. मी रागाच्या भरात पत्र लिहून ठेवलंय: भेसळ केली, सासूबाईंची तब्येत बिघडली, एक लाख द्या. पाठवू का? फोनवरचं भाषांतर चालेल का? आणि हे तेल खायचं की ओतून द्यायचं? डब्याचे, बिलाचे आणि पत्राचे फोटो जोडलेत.

उत्तर: ताई, ते पत्र पाठवू नका. तुमची बाजू भक्कम आहे, पण त्या पत्रात ती सापडत नाही. भेसळ, तब्येत आणि एक लाख या तिन्ही गोष्टी तुम्हाला सिद्ध कराव्या लागतील. डब्यावरची एक ओळ मात्र आधीच छापून तयार आहे, ती सिद्ध करायला काहीच लागत नाही. त्या ओळीवर तुम्ही अडीच पानांत फक्त दोन वाक्यं लिहिली आहेत.

आधी तेलाचं सांगतो, म्हणजे जीव भांड्यात पडेल. हे तेल विषारी नाही. आपल्याकडं शेंगदाणे घाण्यात पिळले की तेल निघतं आणि पेंड उरते. त्या पेंडेतही थोडं तेल राहतंच, ते पिळून निघत नाही. म्हणून पेंड सॉल्व्हंटच्या कारखान्यात जाते, तिथं बहुधा हेक्झेन नावाच्या द्रावकात उरलेलं तेल उतरवतात आणि मग ते रिफाइन करतात. ऑलिव्हचंही तसंच. फळ दळून पिळल्यावर गर, साल आणि बियांचा जो चोथा उरतो त्याला इटालियनमध्ये ‘सान्सा’ म्हणतात. त्यातून काढून रिफाइन केलेल्या तेलात चवीला थोडं व्हर्जिन तेल घालतात, की झालं ऑलिव्ह पोमेस तेल. आपल्या अन्नसुरक्षा मानकांत हा प्रकार स्वतंत्र नावानं नोंदलेला आहे, तो विकायला परवानगी आहे आणि तळणीला हे तेल चालतं. तेव्हा ओतून देऊ नका. फक्त एवढंच, की घाण्याच्या तेलाचे पैसे घेऊन तुमच्या हातात पेंडेचं तेल ठेवलंय. लक्ष्मीपुरीत कुणी असं केलं असतं तर दुकानाच्या पायरीवरच हिशेब झाला असता. ऑनलाइन त्याला पत्र लागतं.

हे तेल कायदेशीर आहे म्हणूनच ‘भेसळ’ हा शब्द तुमच्या पत्रातून आधी काढा. भेसळ म्हटलं की मालात काय मिसळलं हा प्रश्न उभा राहतो, मग नमुना, प्रयोगशाळा, अहवाल. विक्रेता म्हणेल, दाखवा अहवाल. आणि समजा तुम्ही पदरचे पैसे घालून तपासून घेतलं, तर अहवाल काय येईल? हे उत्तम दर्जाचं पोमेस तेल आहे! म्हणजे तुमचाच अहवाल त्याच्या बाजूनं. तुमची तक्रार डब्यात काय आहे याची नाहीच. डब्यानं स्वतःबद्दल खरं सांगितलंय, लिस्टिंगनं खोटं सांगितलंय. तक्रार एवढीच, की विकताना केलेलं वर्णन आणि मिळालेला माल जुळत नाही. हे दोन कागद शेजारी ठेवले की दिसतं. तेल फ्रीजमध्ये गोठतं का, वास कसा येतो, रंग हिरवा आहे का, हे घरगुती प्रयोगही पत्रात आणू नका. त्यांनी काही ठरत नाही आणि समोरच्याला वाद घालायला जागा मिळते.

आता भाषांतर. मी गेली वीसेक वर्षं उद्यमनगरातल्या कारखान्यांना इटालियन आणि जर्मन यंत्रांची मॅन्युअल मराठीत करून देतो, आणि अधूनमधून अशी पत्रंही. फोनचं भाषांतर वाचायला उत्तम, पुरावा म्हणून लंगडं. आज एक शब्द देतं, उद्या दुसरा. डब्याच्या गोलाईवर अक्षर वाकडं दिसलं तर भलतंच वाचतं. आणि ‘हे भाषांतर कुणी केलं’ या प्रश्नाला त्याच्याकडं सही नसते. फोननं तुम्हाला दिशा दाखवली, त्याचं काम तिथं संपलं. पत्रात मात्र मूळ इटालियन ओळ अक्षर न बदलता उतरवायची, तिच्याखाली भाषांतर द्यायचं आणि भाषांतर करणाऱ्यानं नाव-पत्ता लिहून खाली सही करायची. इटालियन येणारा माणूस मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर तुम्ही स्वतःच्या नावानं द्या, ‘शब्दकोशाच्या आधारे केलेलं’ असं लिहून. विक्रेत्याला ते चुकीचं वाटलं तर बरोबर भाषांतर द्यायला तो मोकळा आहे. मूळ ओळ समोर असल्यामुळं ‘भाषांतर चुकलंय’ एवढं म्हणून त्याला सुटता येत नाही, काय चुकलंय ते दाखवावं लागतं.

तुमच्या फोटोंत दोन ओळी आहेत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत नाव: ‘ओलिओ दी सान्सा दी ओलीवा’. आणि मागच्या बाजूला, बारकोडच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत एक लांबलचक वाक्य. फोनवर तुम्ही पहिलीच ओळ वाचलीत. दुसरी त्याहून महत्त्वाची आहे, आणि तिच्यात एक खड्डाही आहे. तिचं भाषांतर असं होतं:

‘ऑलिव्ह तेल काढून घेतल्यानंतर मिळालेल्या पदार्थावर प्रक्रिया करून काढलेली तेलं आणि थेट ऑलिव्हपासून मिळवलेली तेलं, एवढीच असलेलं तेल.’

हे वाक्य कंपनीनं आपल्या मनानं लिहिलेलं नाही. युरोपीय संघात ऑलिव्ह तेलाच्या प्रत्येक प्रकाराला एक ठरावीक वाक्य नेमून दिलंय आणि ते लेबलवर छापावंच लागतं. खड्डा आहे तो उत्तरार्धात: ‘थेट ऑलिव्हपासून मिळवलेली तेलं’. तुम्ही फक्त पूर्वार्ध उद्धृत केलात तर विक्रेता उत्तरार्ध उचलेल आणि लिहील, ‘मॅडम, लेबलवर थेट ऑलिव्हपासून असं स्पष्ट लिहिलंय, तुम्ही अर्धवट भाषांतर केलंत.’ वाचणाऱ्याला वाटेल, खरंच की. म्हणून पूर्ण वाक्य द्यायचं आणि लगेच शेजारी एक्स्ट्रा व्हर्जिनला नेमून दिलेलं वाक्यही द्यायचं. ते असं आहे: ‘थेट ऑलिव्हपासून आणि केवळ यांत्रिक प्रक्रियेनं मिळवलेलं वरच्या श्रेणीचं ऑलिव्ह तेल.’ इटालियनमध्ये त्यात ‘कातेगोरीआ सुपेरिओरे’ म्हणजे वरची श्रेणी, आणि ‘उनिकामेन्ते’ म्हणजे केवळ, हे दोन शब्द येतात. तुमच्या डब्यावर हे दोन्ही शब्द कुठंच नाहीत. मी चारही बाजूंचे फोटो मोठे करून बघितले. ‘कोल्ड प्रेस्ड’च्या दाव्याचा निकालही इथंच लागतो, कारण ज्यातून तेल आधीच पिळून घेतलंय तो चोथा पुन्हा थंडपणे पिळून असं तेल निघत नसतं.

एक शब्दाची बाब. मराठीत सान्साला ‘चोथा’ म्हणणं बरोबर आहे आणि मी वर तसंच समजावलंय, पण पत्रात ‘चोथ्याचं तेल’ लिहू नका. त्यात हेटाळणी येते आणि समोरचा शब्दावरच अडून बसतो. ‘ऑलिव्ह पोमेस तेल’ लिहा. हेच नाव आपल्या मानकांत आहे, त्यामुळं ‘असं काही नसतंच’ म्हणायची सोय राहत नाही.

भाषांतर थोडं जास्त ताणलं तर काय होतं ते मी स्वतः भोगलंय. सुरुवातीच्या काळात एका ओळखीच्या माणसासाठी आयात बिस्किटांच्या पेटीची तक्रार लिहून दिली होती. पाकिटावर तारीख उलटून गेलेली आणि तिच्या आधी ‘दा कोन्सुमार्सी प्रेफेरिबिल्मेन्ते एन्त्रो’. मी जोरात लिहिलं: ‘मुदत संपलेला, खाण्यास अयोग्य माल.’ विक्रेत्याकडं कुणीतरी जाणता होता. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: ‘प्रेफेरिबिल्मेन्ते’ म्हणजे ‘शक्यतो’, ही तारीख उत्तम चवीची आहे, खाण्यास अयोग्य होण्याची नव्हे. बरोबर होतं त्याचं. लिस्टिंगवर ‘किमान सहा महिने मुदत शिल्लक’ असं लिहिलेलं होतं, आणि त्या एका वाक्यावर आमचं काम झालं असतं. पण मी एका शब्दाकडं काणाडोळा केला आणि त्यानंतर आमच्या खऱ्या मुद्द्यालाही कुणी भाव दिला नाही. पेटीचे पैसे गेले ते गेलेच.

त्याच कारणानं तुमच्या पत्रातला ‘इटलीचं म्हणून विकलं, तेही खोटं’ हा परिच्छेद गाळा. डब्यावर ‘कॉन्फेझिओनातो इन इतालिया’ आहे, म्हणजे इटलीत पॅक केलेलं. ऑलिव्ह कुठले हे त्यातून कळत नाही. इटलीचे आहेत असंही नाही आणि नाहीत असंही नाही. शंका रास्त आहे, पण लेबल लिस्टिंगला तिथं खोडून काढत नाही. जिथं खोडतं तिथंच उभं राहायचं.

तिसऱ्या फोटोत मात्र तुमच्या लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. आयातदाराचं पांढरं इंग्रजी स्टिकर. त्यावर पदार्थाचं नाव नुसतं ‘ऑलिव्ह ऑइल’ असं आहे. सामान्य माणसाला वाटेल, ठीक आहे, ऑलिव्हचंच तर आहे. पण या धंद्यात ‘ऑलिव्ह ऑइल’ हा तिसराच प्रकार: रिफाइन केलेलं ऑलिव्ह तेल आणि व्हर्जिन यांचं मिश्रण. आंतरराष्ट्रीय ऑलिव्ह परिषदेच्या मानकात तर स्पष्ट लिहिलंय की पोमेस तेलाला कोणत्याही परिस्थितीत ‘ऑलिव्ह ऑइल’ म्हणायचं नाही. म्हणजे एकाच डब्याच्या तीन जाती झाल्या. लिस्टिंगवर एक्स्ट्रा व्हर्जिन, स्टिकरवर ऑलिव्ह ऑइल, पत्र्यावर पोमेस. प्रत्येक हातबदलाला माल एकेक पायरी वर चढत गेलाय! हे पत्रात एका वाक्यात येऊ द्या. विक्रेता ‘आम्ही स्टिकर बघून लिस्टिंग केलं’ म्हणाला तरी तो अडकतो, कारण स्टिकरवरही ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ नाही.

पत्र पाठवण्याआधी पुरावे गोळा करा, नंतर नको. कारण पत्र पोचलं की लिस्टिंग बदलतं. कधी कधी तासाभरात. लिस्टिंगचं पूर्ण पान, वरची लिंक आणि फोनवरची तारीख-वेळ दिसेल असं टिपून ठेवा. नाव, फोटो, खालचं वर्णन, ‘विक्रेता अमुक’ ही ओळ, सगळं. ते आधीच बदललं असेल तरी हातपाय गाळू नका, तुमचं बिल बघा. ऑर्डरसोबत आलेल्या टॅक्स इन्व्हॉइसवर मालाचं नाव लिस्टिंगमधूनच उचलून छापलेलं असतं, आणि ते विक्रेत्याला मागाहून बदलता येत नाही. तुमच्या बिलाच्या फोटोत ते ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ स्पष्ट दिसतंय. खरं सांगायचं तर मी लिस्टिंगपेक्षा बिलावर जास्त भर देईन. डब्याच्या चारही बाजूंचे फोटो दिवसा उजेडात काढा, एकात लॉट नंबर आणि बिल एकाच चौकटीत येऊ द्या, म्हणजे ‘हा डबा आमचा नव्हेच’ हा रस्ता बंद होतो.

पत्र कुणाच्या नावे? ब्रँडच्या नावे नको. बिलावर ‘विक्रेता’ म्हणून ज्या फर्मचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक आहे तिच्या नावे. प्रत ज्या संकेतस्थळावरून घेतलं त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला, ज्याचं नाव आणि संपर्क संकेतस्थळावर देणं त्यांना बंधनकारक आहे. तुमचा विक्रेता दिल्लीचा दिसतोय, म्हणून मराठी पत्रासोबत इंग्रजी प्रत जोडा. लिस्टिंगचं भाषांतर मात्र कुठल्याच प्रतीत करू नका, त्यांचे शब्द त्यांच्याच भाषेत राहू द्या. ईमेलनं पाठवा आणि स्पीड पोस्टनंही, पोचपावतीसह.

तुमच्या मजकुरावरून मी पत्र नव्यानं लिहिलंय. कंसातले तपशील तुम्ही भरा, आणि जिथं मूळ ओळ म्हटलंय तिथं डब्यावरची इटालियन अक्षरं बघून रोमन लिपीत उतरवा.

---

प्रति,
(बिलावरील विक्रेत्याचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी क्रमांक)

प्रत: तक्रार निवारण अधिकारी, (संकेतस्थळ चालवणारी कंपनी)

विषय: ऑर्डर क्र. (...), दि. (...): वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घेऊन रु. ३,२९९ परत करण्याबाबत

महोदय,

वरील ऑर्डरनुसार मी आपणाकडून ऑलिव्ह तेलाचा ५ लिटरचा एक डबा घेतला. तो दि. (...) रोजी कोल्हापूर येथे मिळाला. डब्यावरील लॉट क्र. (...).

आपल्या लिस्टिंगवर व आपण दिलेल्या बिल क्र. (...) वर या मालाचं वर्णन ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असं आहे. लिस्टिंगवर ‘कोल्ड प्रेस्ड’ असंही आहे. दोन्हींच्या प्रती जोडल्या आहेत (जोड १ व २).

डब्याच्या दर्शनी बाजूवर मालाचं नाव इटालियन भाषेत पुढीलप्रमाणे छापलेलं आहे: (मूळ ओळ). अर्थ: ‘ऑलिव्ह पोमेस तेल’.

डब्याच्या मागील बाजूवर पुढील वाक्य आहे: (मूळ ओळ). अर्थ: ‘ऑलिव्ह तेल काढून घेतल्यानंतर मिळालेल्या पदार्थावर प्रक्रिया करून काढलेली तेलं आणि थेट ऑलिव्हपासून मिळवलेली तेलं, एवढीच असलेलं तेल.’

हे वाक्य युरोपीय संघाच्या नियमांनुसार पोमेस तेलासाठी ठरवून दिलेलं आहे. एक्स्ट्रा व्हर्जिनसाठी ठरवून दिलेलं वाक्य वेगळं असून त्यात ‘वरच्या श्रेणीचं’ व ‘केवळ यांत्रिक प्रक्रियेनं’ हे शब्द येतात. ते या डब्यावर कोठेही नाहीत. आयातदाराच्या इंग्रजी स्टिकरवरही ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’ असा उल्लेख नाही. फोटो व सहीचं भाषांतर जोडलं आहे (जोड ३ व ४). भाषांतर अमान्य असल्यास आपलं भाषांतर लेखी द्यावं.

माल खाण्यास अयोग्य आहे असं माझं म्हणणं नाही. विकताना जे वर्णन केलं तो हा माल नाही, एवढंच आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधील नियम ६(३) नुसार, जाहिरात केलेली वैशिष्ट्यं मालात नसल्यास विक्रेत्याला माल परत घेण्यास किंवा रक्कम परत करण्यास नकार देता येत नाही. डबा उघडलेला असून त्यातील सुमारे ७०० मिलि तेल वापरलं आहे, कारण मालाचं नाव परकीय भाषेत असल्यानं फरक वापरानंतर लक्षात आला. उरलेलं तेल डब्यासह आपल्या खर्चानं घेऊन जावं व रु. ३,२९९ मूळ खात्यात जमा करावेत.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर द्यावं.

(सही, नाव, पत्ता, दूरध्वनी)

---

बघा, पानभरातच काम झालं. कलम एकच दिलंय. जास्त कलमं म्हणजे जास्त वजन असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा, की पाच कलमं बघून समोरचा पत्र वकिलाकडं टाकतो आणि एक लागू कलम बघून हिशेब विभागाकडं. ‘४२०’चा धाक तर मुळीच घालू नका.

‘खाण्यास अयोग्य आहे असं माझं म्हणणं नाही’ हे वाक्य तुम्हाला खटकेल. कितीतरी जण ते खोडून आणतात. पण ते राहू द्या. विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं, ‘माल सुरक्षित आहे, तपासलेला आहे.’ ते वाक्य आधीच मान्य केलंत की त्या उत्तराला काही अर्थ उरत नाही आणि त्याला मुद्द्यावरच यावं लागतं. सासूबाईंच्या पोटाचं त्यामुळंच काढलं. डॉक्टरांचा कागद नाही, आणि असता तरी पोट बिघडायला हजार कारणं असतात.

वापरलेलं तेल लपवू नका. सातशे मिलि हा आकडा मी तुमच्या फोटोतल्या पातळीवरून अंदाजानं टाकलाय, तुम्ही मोजून घाला. ‘उघडलेला माल घेत नाही’ हे धोरण मन बदललेल्या ग्राहकासाठी ठीक आहे. वर्णनच खोटं असेल तर त्याचा आधार घेता येत नाही. दहा दिवसांच्या मुदतीचंही तेच. ती त्यांनी दिलेली सवलत आहे, नियमातला हक्क तिच्यासोबत मावळत नाही.

उत्तरादाखल बहुधा फोन येईल आणि पाचशे रुपयांचं वॉलेट क्रेडिट पुढं करतील. फोनवर हो म्हणू नका, ‘लेखी पाठवा’ एवढं बोला. क्रेडिट घेऊन ‘तक्रार मिटली’वर बोट टेकवलंत की पुढचं दार तुम्हीच लावलं. तडजोड करायची झाली तर तिला हिशेब असावा. त्याच विक्रेत्याचा पोमेस म्हणूनच विकला जाणारा ५ लिटरचा डबा कितीला आहे ते बघा आणि किमतींमधला फरक मागा. पण हे पहिल्या पत्रात लिहू नका. दोन मागण्या दिल्या की समोरचा धाकटी उचलतो.

उत्तरच आलं नाही तर? त्याच नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. महिना उलटला की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, तिथं हेच पत्र चढवायचं. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असला तरी तुम्ही राहता तिथं, म्हणजे कोल्हापुरातच दाद मागता येते, ही २०१९ च्या कायद्यानं दिलेली मोठी सोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं. मुदत दोन वर्षांची. मानसिक त्रास, खर्च यांची मागणी तिथं करा, आणि ३,२९९ च्या मालाला शोभेल एवढीच. तिथं छापील लिस्टिंगसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र मागतात, पूर्वीचं ६५-ब, आता नव्या साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३. ज्या फोनवर पान टिपलं तो फोन म्हणूनच विकू नका.

स्टिकरची बाब वेगळी. ती तुमच्या पैशांशी जोडू नका, अन्न व औषध प्रशासनाकडं किंवा एफएसएसएआयच्या तक्रार पोर्टलवर स्वतंत्र द्या. पॅक अन्नावरची माहिती आपल्याकडं इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते, आणि ती चुकीची असली तर माल ‘मिसब्रँडेड’, म्हणजे चुकीच्या लेबलचा ठरतो, त्याला तीन लाखांपर्यंत दंड आहे. तो दंड सरकारजमा होतो, तुम्हाला त्यातलं काही मिळत नाही. म्हणूनच ‘पैसे द्या नाहीतर एफएसएसएआयला कळवते’ असं पत्रात लिहायचं नसतं, सौदेबाजीचा वास येतो. कळवायचंच असेल तर गुपचूप कळवा.

आणि डबा. निकाल लागेपर्यंत उरलेलं तेल त्यातच राहू द्या, झाकण घट्ट, उन्हापासून लांब. मोह झालाच आणि भजी तळलीत तर निदान निम्मा डबा तरी ठेवा. तेल संपलं तरी पत्रा भंगारवाल्याला घालू नका, त्या मागच्या बाजूवरच तुमची केस छापलेली आहे. तुमच्या फोटोत त्या मुंगीएवढ्या ओळीवर तेलाचा ओघळ आलाय. तो सुक्या फडक्यानं हलकेच टिपून घ्या, साबण लावून घासू नका, शाई सुटते.